रात्रीचं जेवण एकट्याने होत नाही, काय करू?

पत्र: "मी 71 वर्षांचा, बँकेतून रिटायर. मिसेस जाऊन 14 महिने झाले. मुलगा न्यू जर्सीला, मुलगी मेलबर्नला. सकाळ फिरणं, पेपर, बँकेची कामं यात निघून जाते, पण संध्याकाळी सहा वाजले की घर खायला उठतं. सकाळी बाई दोन्ही वेळचं करून जातात पण रात्री ते गरम करून एकट्याने ताट वाढून घ्यायचं जिवावर येतं, मग चहा-खारी खातो आणि पडतो. शुगरच्या गोळ्या चालू आहेत. मुलं रोज फोन करतात, जेवलात का विचारतात, मी हो म्हणतो. त्यांचं म्हणणं सगळं विकून इकडे या. मला ते नको. काय करावं?" – एक वाचक, पुणे

काका, नमस्कार. पत्रात तुम्ही शुगरच्या गोळीचं एका ओळीत उरकलंय, मी मात्र सुरुवात तिथूनच करणार कारण बाकीचं सगळं आठवडाभर थांबू शकतं, हे नाही.

गोळ्यांची स्ट्रिप हातात घ्या आणि चष्मा लावून नाव वाचा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर एखाद्या रात्री कमी खाल्लं म्हणून शुगर एकदम कोसळण्याची भीती फार नसते. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड असं काही असेल, किंवा एकाच गोळीत मेटफॉर्मिनसोबत यातलं काही असेल (असं कॉम्बिनेशन खूप जणांना असतं आणि ते त्याला नुसतं "शुगरची गोळी" म्हणतात), तर ती गोळी तुम्ही जेवलात की नाही हे बघत बसत नाही, ती आपलं काम करते आणि शुगर खाली आणते. वर चहा-खारीवर झोपलेला माणूस आणि घरात दुसरं कोणी नाही. रात्री घामाने बनियन ओलं होऊन जाग येणं, हातपाय थरथरणं, छातीत धडधड, विचित्र स्वप्नं, सकाळी डोकं जड, असलं काही झालंय का गेल्या काही महिन्यांत? आपण म्हणतो उकाड्यामुळे झालं असेल किंवा वयोमानाने, पण ती शुगर कमी झाल्याची खूण असू शकते.

तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि त्यांना खरं सांगा, मुलांना सांगता तसं नाही. "मी रात्री चहा आणि चार खाऱ्या खातो" हे एवढं वाक्य बोला. डोस कमी करायचा का, वेळ बदलायची का ते त्यांना ठरवू दे, तुम्ही स्वतःहून गोळी बंद करू नका. तोपर्यंत उशाशी साखरेची डबी, चमचा आणि पाण्याची बाटली ठेवा. थरथर वाटली की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, मशीन असेल तर 15 मिनिटांनी शुगर बघायची, अजून कमीच असेल तर परत तेवढीच, आणि बरं वाटलं की वर काहीतरी खायचं, पोळी, भात, बिस्किट काहीही. संध्याकाळी एखादा पेग घ्यायची सवय लागली असेल (तुम्ही लिहिलं नाहीये, पण एकट्या पडलेल्या पुरुषांत ही हळूच शिरते म्हणून विचारते) तर रिकाम्या पोटी दारू आणि ही गोळी एकत्र फारच वाईट. आणि एक, शेजारी ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांच्याकडे एक किल्ली देऊन ठेवा आणि रात्री दाराला आतून कडी न लावता नुसतं लॅच लावा, नाहीतर किल्ली असूनही शेजारी दार ठोठावत बसतील.

आता त्या खारीबद्दल. खारी म्हणजे मैदा आणि वनस्पती तूप, त्यात पोट भरतं पण अंगाला लागण्यासारखं काही नाही. तुमच्या वयाला भूक कमी लागते पण प्रोटीनची गरज कमी होत नाही, उलट वाढते असंच बरेच तज्ज्ञ म्हणतात, वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण 1 ग्रॅम तरी. म्हणजे 65 किलोच्या माणसाला 65 ग्रॅम. (किडनीचा त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर हा हिशोब वेगळा, तो डॉक्टरांना विचारा.) एक अंडं म्हणजे 6 ग्रॅम, घट्ट वरणाची वाटीही तेवढीच धरा. तुमचं दुपारचं एकच जेवण हे सगळं कुठून भरून काढणार? मग शरीर स्नायूंतून काढून घेतं आणि ते आरशात दिसत नाही कारण पोट तसंच राहतं, बारीक होतात त्या मांड्या आणि दंड. घरीच बघायचं असेल तर हात छातीशी दुमडून साध्या खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसा, 15 सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला किंवा हाताचा टेकू घ्यावाच लागला तर पायातली ताकद गेलीये असं समजा. (पाठीमागे भिंत असू द्या, खुर्ची सरकली की पंचाईत.) आणि वजन करा. सहा महिन्यांपूर्वी 68 असाल आणि आता साडेचौसष्ट, तर ते डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. वजनाचा आकडा आठवत नसेल तर पट्ट्याचं भोक बघा, ते खोटं बोलत नाही.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल मला कळतंय हो पण जेवावंसं वाटत नाही त्याचं काय. बरोबर आहे, आणि मला वाटतं इथे गडबड भुकेची नाहीच, वेळापत्रकाची आहे. तुमच्या घरात दिवसातलं एकमेव माणूस, म्हणजे बाई, येतात सकाळी, जेव्हा तुम्हाला कोणाची गरज नसते. तेव्हा तुम्ही फिरून आलेले, पेपर वाचताय, मूड बरा आहे. त्या दोन्ही वेळचं करून झाकून ठेवून जातात आणि संध्याकाळी, जेव्हा खरंच घरात कोणीतरी असायला हवं, तेव्हा फ्रीजमध्ये गार भाजी आणि वातड झालेल्या पोळ्या. कोणाला खावंसं वाटेल?

म्हणून पहिलं काम, बाईंशी बोला आणि त्यांची वेळ संध्याकाळी सहाची करून घ्या. पोळ्या-भाजीच्या बऱ्याच बायका संध्याकाळची कामंही करतात, तुमच्या बाईंना जमत नसेल तर सोसायटीतल्या वॉचमनला विचारा, त्याला सगळ्यांची टायमिंग पाठ असतात. दुपारचं काय, तर दुपारसाठी डबा लावा किंवा त्याच बाई रात्री उद्याची उसळ नाहीतर वरण जास्तीचं करून ठेवतील, दुपारी तुम्ही फक्त भात लावायचा. गरम करून खाणं दुपारी एवढं जड जात नाही, तुमच्याच पत्रावरून दिसतंय ते.

डोंबिवलीचे एक काका माझ्या ओळखीत आहेत, साधारण तुमच्यासारखंच. त्यांनी दोन्ही वेळचा डबा लावला होता. रात्रीचा डबा साडेसातला यायचा, चार पोळ्या, तेलाचा तवंग असलेली बटाट्याची भाजी, वरण पाण्यासारखं. दोन पोळ्या रोज उरायच्या, मग तीन, मग डबा न उघडताच सकाळी परत जायला लागला आणि डबेवाल्या ताईंनीच त्यांच्या पुतण्याला फोन करून सांगितलं की काका जेवत नाहीयेत. पुतण्याने काही भाषण दिलं नाही, त्याने रात्रीचा डबा बंद केला, दुपारचा ठेवला आणि संध्याकाळी सहा ते पावणेसात एक बाई लावल्या. पगार डब्याच्या पैशांपेक्षा थोडा जास्तच गेला. पहिले दहा-पंधरा दिवस काका बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसायचे, बाई आत. मग बाईंनी एकदा आतून विचारलं, काकू आमटीत गूळ घालायच्या का चिंच? काका उठून आत गेले कारण त्यांनाही आठवेना, मसाल्याच्या डब्यात आमसुलं सापडली तेव्हा उलगडा झाला. आता ते सहा वाजता ओट्याजवळ स्टूल टाकून लसूण सोलत बसतात. बाई निघायच्या आधी पहिला फुलका ताटात पडलेला असतो, म्हणजे पावणेसातला जेवण सुरू. सगळं गोड झालंय असं नाही, रविवारी बाईंची सुट्टी असते आणि रविवार त्यांना अजूनही जड जातो. पण सहा दिवस माणूस नीट जेवतोय.

पावणेसात-सात ही वेळ लवकर वाटेल तुम्हाला, पण ती धराच. तुम्ही दोघं साडेआठला जेवत असाल तर साडेआठची वेळ त्यांच्यासोबतची आहे, तेव्हा ती खुर्ची रिकामी दिसणारच. आणि सातला पोटभर जेवलं की नऊ-साडेनऊला झोपायच्या आधी कपभर दूध घ्यायला जागा राहते, तेही शुगरच्या दृष्टीने बरं (मात्र वेळ बदलतोय हे डॉक्टरांना सांगा, गोळीची वेळही त्याप्रमाणे सरकेल).

खुर्चीवरून आठवलं. टेबलावर तुम्ही अजून तुमच्याच जागी बसता ना? आणि समोर त्यांची खुर्ची? एक करून बघा, तुम्ही त्यांच्या खुर्चीवर बसा. ऐकायला कसंतरी वाटेल, पहिल्या दिवशी कदाचित घास उतरणार नाही, पण तिथे बसलं की ती खुर्ची समोर रिकामी दिसत नाही, समोर दिसते तुमची नेहमीची जागा आणि तिच्याकडे बघून पोटात तुटत नाही. हे नाहीच जमलं तर टेबल खिडकीला लावा. टीव्हीसमोर ताट घेऊन बसायला माझी ना नाही, पण सात ते नऊ त्यांच्या सिरियलींची वेळ असेल तर तो चॅनल टाळा, त्यापेक्षा रेडिओ लावा, त्याला बघावं लागत नाही.

बाई येणार नाहीत त्या दिवसासाठी एक पदार्थ हाताशी हवा, हॉटेलच्या भरवशावर राहू नका. मूगडाळीची खिचडी, पण आपण नेहमी करतो त्याच्या उलट मापाने, डाळ तांदळाच्या दुप्पट. पाव वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, दोन्ही धुवून घ्या. छोट्या कुकरमध्ये (दोन-तीन लिटरचा घ्या, पाच लिटरच्या कुकरमध्ये एका माणसाचं शिजवायला गेलं की एकतर जास्त होतं नाहीतर तळाला लागतं) चमचाभर तूप, जिरं, चिमूटभर हिंग, हळद, मूठभर चिरलेली भाजी म्हणजे दुधी, गाजर, मटार जे असेल ते, मग डाळ-तांदूळ, मीठ आणि तीन वाट्या पाणी. चार शिट्ट्या, मग गॅस बंद, आणि वाफ आपोआप जाऊ द्या, झाकणाशी कुस्ती नको. एवढ्यात 15 ग्रॅमच्या वर प्रोटीन आहे, वर वाटीभर दही घेतलं की उत्तम. हीच खिचडी कुकरमधून सरळ चमच्याने न खाता ताटात वाढून, लिंबाची फोड, पापड असं घेऊन खा. हे सांगतेय कारण एकटे राहणारे पुरुष ओट्याशी उभ्यानेच खातात आणि मग अर्ध्यातच पुरे म्हणतात.

आता मुलं. रोजचा फोन आणि "जेवलात का?" "हो." यात दोघांचाही वेळ जातो आणि तुम्हाला रोज एक खोटं बोलावं लागतं. आधी त्यांना खरं सांगून टाका, खारीसकट. आणि मग फोनऐवजी एकत्र जेवायला बसा, व्हिडिओ कॉल लावून, घड्याळ तुमच्या बाजूने आहे. तुमचे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ असतात आणि हिवाळ्यात (नोव्हेंबर ते मार्च, त्यांची घड्याळं मागे जातात तेव्हा) साडेआठ. वीकडेला मुलगा कामात असणार, पण शनिवार-रविवार त्याच्या नाश्त्याची वेळ आणि तुमच्या जेवणाची वेळ एकच. म्हणजे रविवारचा, बाई नसतानाचा प्रश्न निम्मा तिथेच सुटला. मुलीशी संध्याकाळी बोलायचा हट्ट सोडा, तुमच्या सातला मेलबर्नमध्ये साडेअकरा नाहीतर साडेबारा, रात्रीचे, ती पेंगत बोलते आणि तुम्हाला वाटतं तिला बोलायचं नाहीये. तिच्यासोबत दुपारी जेवा. तुमचा एक वाजतो तेव्हा तिकडे साडेपाच किंवा साडेसहा झालेले असतात, ती स्वयंपाक करत असेल तर उत्तमच.

फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचा आणि जेवायचं. बोललंच पाहिजे असं काही नाही, घरात एकत्र जेवताना तरी आपण कुठे सारखं बोलत असतो? मुलाला आधीच सांगून ठेवा, गोळ्या, वजन, पाणी भरलं का, हे जेवताना विचारायचं नाही, त्यासाठी व्हॉट्सॲप आहे. ताटात काय आहे त्यावरून विषय निघतात, आईच्या हातची अळूची भाजी कशी व्हायची आणि बाईंची का तशी होत नाही यावर अर्धा तास सहज जातो. कॉल रद्द होतील, पोरांच्या क्लास-मॅच असतात, ते धरूनच चला आणि म्हणून सगळी मदार त्यावर ठेवू नका.

त्यासाठी आठवड्यातून एक दिवस एका माणसाला जेवायला बोलवा. एकाच. चार जण बोलावले की त्याचा कार्यक्रम होतो, बाई कुरकुरतात, तुम्ही दमता आणि पुढच्या वेळी नको वाटतं. सकाळी फिरायला जाता तिथे तुमच्यासारखा एक तरी असणारच, बायको गेलेला, नाहीतर बायको मुलीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेत गेलेली. त्याला "या कधीतरी" म्हणू नका, कधीतरी कोणी येत नाही. "बुधवारी सातला खिचडी-कढी आहे, ताक तुम्ही आणा" असं सांगा. ताक आणायचं असलं की माणूस येतो, उपकाराचं ओझं राहत नाही आणि पुढच्या बुधवारी तो आपणहून विचारतो काय आणू. बायकांचं बरं असतं, भिशी, भजनी मंडळ, हळदीकुंकू यात त्यांची आपली एक फळी तयार असते. तुमच्या पिढीतल्या पुरुषांची ओळखपाळख ऑफिसची, नाहीतर बायकोच्या ओळखीतून आलेली, आणि ती गेली की ते फोनही बंद होतात. तुमच्या भागात ज्येष्ठ नागरिक संघ असेलच, पुण्यात जवळपास प्रत्येक भागात आहेत, पण मेंबर होताना मीटिंग किती वाजता असते ते विचारा. संध्याकाळची, बाई यायच्या आधीची वेळ असेल तर तीच तुम्हाला हवी. सकाळचा हास्यक्लब चांगलाच आहे पण तुमची सकाळ आधीच भरलेली आहे.

एक मात्र तपासून बघा. तुमची सकाळ बरी जाते हे मला चांगलं लक्षण वाटतं, कारण डिप्रेशनचा आजार असतो तेव्हा बऱ्याचदा सकाळच सगळ्यात वाईट असते, पहाटे तीन-चारला जाग येते आणि उठवत नाही. संध्याकाळी तुटणं हे बहुतेक दुःख आणि एकटेपणा. पण सकाळचं फिरणंही सुटायला लागलं, पेपर न उघडता पडून राहिला, सगळं माझ्यामुळेच झालं असं मनात घोळायला लागलं, किंवा आता जगून काय करायचं असा विचार वरचेवर यायला लागला, तर तो विषय माझ्या सदराचा नाही, डॉक्टरांचा आहे. त्यासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, रात्रीसुद्धा चालू आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी 14567 ही एल्डरलाइनही आहे, दिवसा. आणि डॉक्टरांकडे जाणारच आहात तर बी-12 तपासून घ्या, मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत आणि शाकाहारी लोकांत ते कमी असतं आणि ते कमी असलं की थकवा, मरगळ येते, ती आपण दुःखाच्या खात्यात टाकून मोकळे होतो.

राहिलं ते सगळं विकून जायचं. तुम्हाला नको आहे तर नको, त्याला कारणं द्यायची गरज नाही, पण मुलांना नुसतं नाही म्हटलं की ते परत परत विचारणार, म्हणून त्यांना काहीतरी हातात द्या. जाऊन या, दोन-तीन महिने, आणि मुद्दाम डिसेंबर-जानेवारीत जा, म्हणजे खरं काय ते कळेल. न्यू जर्सीत तेव्हा साडेचार-पाचला अंधार पडतो, बाहेर थंडी, गाडी तुम्हाला चालवता येणार नाही आणि मुलगा-सून कामावरून येईपर्यंत घर तितकंच शांत. तरीही आवडलं तर पुढचा विचार करा. फ्लॅट मात्र यातलं काही ठरेपर्यंत विकू नका आणि कोणाच्या सांगण्यावरून कुठे सहीही करू नका.

सगळं एकदम सुरू करू नका. या आठवड्यात डॉक्टर, शेजाऱ्यांकडे किल्ली आणि बाईंशी बोलणं, एवढंच. बाई पगार वाढवून मागतील, मागू देत, खारीचे पैसे वाचतायत. बुधवारच्या जेवणाचं बाईंची वेळ बसल्यावर बघा, आणि पहिल्या बुधवारी कढी फाटली तर ताकाला आधी चमचाभर बेसन लावून घ्यायचं आणि उकळी फुटू द्यायची नाही, एवढं त्यांना सांगा.